आईचा बचत गट, बारा पासबुकं आणि बाराशे रुपये

मला एक्सेल येतं ही बातमी घरातून कशी फुटली माहीत नाही. आई गटाची सचिव, आणि बँकेच्या साहेबांनी मोठ्या कर्जासाठी 31 मार्चपर्यंतचा सभासदवार गोषवारा मागितलेला, म्हणजे कुणाची बचत किती, कर्ज किती घेतलं, फेडलं किती, राहिलं किती. आई बारा पासबुकांची पिशवी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "अर्ध्या तासाचं काम आहे." तीन दिवस गेले राव.

बारा बायका, महिन्याला 200, दोन वर्षं. म्हणजे बचत 57,600 व्हायला हवी, हे तोंडी हिशोबात कळतं. मी उत्साहात सगळं टाइप केलं आणि बेरीज आली शून्य, कारण मी मराठी कीबोर्डवर २०० असं टाकलेलं आणि शीट त्याला आकडा समजायलाच तयार नाही, त्याच्या मते ती अक्षरं. परत सगळं इंग्रजी आकड्यांत. मग नावांचा घोळ. सुनीता, सुनिता, सुनीता ताई. आपल्याला ती एकच बाई, शीटला तीन, आणि गटात खरोखरच दोन सुनीता आहेत! शेवटी नावं सोडली आणि प्रत्येकीला नंबर दिला. एका ओळीत एकच व्यवहार: तारीख, नंबर, प्रकार, रक्कम. मग सात नंबरची बचत अशी निघते:

```
=SUMIFS(D:D, B:B, 7, C:C, "बचत")
```

तर या सात नंबरच्या मंगलमावशी. यांची बचत निघाली 15,900. बाकी सगळ्या 4,800 वर आणि मावशी एकदम सावकार! शिवाय त्यांनी घेतलेलं 10,000 चं कर्ज जसंच्या तसं, एक रुपया फेडलेला नाही. मावशींना विचारलं तर त्या भडकल्याच, "दहा महिन्यांत नील केलंय मी, आईला विचार तुझ्या." पासबुक नीट बघितलं तर खरंच, पहिल्या महिन्याला 1,400, मग 1,380, मग 1,360, असं दर महिन्याला वीस वीसने उतरत गेलेलं, पण सगळं बचतीच्या रकान्यात. म्हणजे 200 बचत, 1,000 मुद्दल आणि शेकडा 2 ने उरलेल्या मुद्दलावरचं व्याज, आईने एकत्र करून पहिल्या रिकाम्या चौकोनात ठोकलेलं. का, तर बाकीचे रकाने बारीक आहेत म्हणे. गंमत म्हणजे गटाच्या एकूण हिशोबात ही चूक दिसतच नाही. बचत 11,100 ने फुगली, पण येणं कर्ज 10,000 ने जास्त आणि व्याज 1,100 ने कमी, शेवटी रोख तेवढीच. बँकेत मात्र मावशी थकबाकीदार म्हणून गेल्या असत्या. ते दहा महिने मी तीन-तीन ओळींत फोडले.

आता वाटलं झालं. बचत, व्याज, दंड मिळवले, बाहेर असलेलं कर्ज आणि खर्च वजा केला, बँकेत 22,710 पाहिजेत. बँकेच्या पासबुकात 21,510. बाराशे गायब. आई म्हणाली, "बँकेने कापले असतील." (आईच्या मते बँक फक्त कापायलाच बसलेली असते.)

आमच्या गटाची एक चांगली सवय अशी की बैठकीत जमलेले सगळे पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत आणि कर्ज द्यायचं ते बँकेतून काढूनच. जागेवरच कर्ज वाटणाऱ्या गटांना हे जमणार नाही, त्यांना रोकड वहीच उकरावी लागते. तर मी महिनावार बेरीज बँकेतल्या भरण्याशी लावली आणि सापडलं, लागोपाठ सहा महिने बरोब्बर 200 कमी. हजेरी वही काढली. सहाही बैठकांना शोभाकाकू गैरहजर, पासबुकात मात्र सहाही महिने बचत जमा, एकाच निळ्या पेनाने, एका दमात लिहिलेली.

आईकडे बघितलं. "अरे मुलीचं लग्न होतं तिच्या. देईल म्हटलं नंतर, पुस्तक कोरं कसं ठेवायचं?"

"आई, न आलेले पैसे जमा नाही दाखवता येत, ती थकीत बचत." मी एकूण बचत 56,400 केली, शोभाकाकूंपुढे 3,600 आणि थकीत 1,200. ताळा जुळला! आईने चहा टाकला, पण बोलली नाही.

संध्याकाळी शोभाकाकू दारात. बातमी पोचलेली. पदरातून हजार रुपये काढून माझ्या हातात दिले, "दोनशे पुढच्या बैठकीला. पण बाळा पुस्तकात पूर्ण लिही हां, मी काय पळून चाललेय का?"

गोषवारा 31 मार्चचा, आज 9 एप्रिल, हे पैसे त्यात येतच नाहीत असं मी समजावून सांगत होतो, तोपर्यंत आईने निळं पेन शोधायला घेतलेलं.