ऑनलाइन नीलम घेताय? आधी हा व्हिडिओ मागा

रंगीत खडे ऑनलाइन घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. जयपूरच्या व्यापाऱ्याकडचा माल ठाण्यात घरी बसून बघता येतो, चार ठिकाणचे भाव ताडून बघता येतात, हे चांगलंच आहे. पण रत्नपरीक्षा शिकल्यापासून ओळखीतले लोक माझ्याकडे खडे दाखवायला आणतात, आणि ते बघून माझं एक मत पक्कं झालंय. फोटो-व्हिडिओ बघून खडा फक्त नाकारावा. पसंत करायचा तो हातात आल्यावर, आपल्या घरच्या उजेडात. त्यामुळे पैसे भरताना आपण खड्याबरोबर तो परत करण्याचा हक्कही विकत घेत असतो, आणि तो हक्क नीट वाचून घ्यायला हवा.

आज नीलमाबद्दलच लिहिते, कारण सगळ्यात जास्त निराशा त्यातच बघितली आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने पावसाळ्यात नीलम मागवला. व्हिडिओत खडा मोकळा, झळझळीत निळा दिसत होता. घरी आला आणि संध्याकाळी हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली बघितला, तर शाईचा थेंब. ती घाबरून माझ्याकडे आली, "ताई, खोटा पाठवलाय का?" खोटा नव्हता. प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट बरोबर होतं, त्यावरचा नंबर लॅबच्या साइटवर जुळत होता. खडा तोच होता, उजेड वेगळा होता.

नीलमाचा निळा रंग त्यातल्या लोह आणि टायटॅनियममुळे येतो. डोळ्यापर्यंत निळा पोचायचा तर उजेडातही निळा भाग भरपूर हवा. दिवसाच्या उजेडात तो असतो, थंड पांढऱ्या एलईडीत असतो, पिवळ्या दिव्यात फार कमी असतो. म्हणून दुपारी सुंदर दिसणारा गडद नीलम रात्री काळवंडतो. माणकाचं उलट, ते पिवळ्या दिव्यात खुलतं. विकणाऱ्याला हे पाठ असतं. नीलम थंड दिव्याखाली आणि माणिक पिवळ्या दिव्याखाली शूट होतं, आणि यात खोटं बोललं असं म्हणताही येत नाही.

दुसरी गोष्ट काळ्या पार्श्वभूमीची. फ्रेम बरीचशी काळी असली की मोबाइल उजेड कमी आहे असं समजून सगळं चित्र उजळ करतो, आणि गडद खडा आपोआप मोकळा दिसायला लागतो. हे ओळखायची खूण सोपी आहे. खड्याकडे बघू नका, चिमट्याच्या टोकाकडे किंवा बोटांकडे बघा. ती पांढरीफटक पडली असतील, कातडीवरच्या रेषा दिसत नसतील, तर खड्यालाही तेवढाच फुकटचा उजेड मिळालाय. तिच्या व्हिडिओत नेमकं हेच होतं, चिमट्याचं टोक चक्क चमकत होतं.

शिवाय खडा सतत फिरत होता. फिरणाऱ्या खड्यात दर क्षणी कुठला तरी पैलू चमकतो आणि आपल्या मनात ती चमकच राहते. अंगठीत मात्र खडा बराच वेळ तोंड वर करून स्थिर असतो.

म्हणून मी लोकांना एकच कंटाळवाणा व्हिडिओ मागायला सांगते. दिवसा, खोलीतले सगळे दिवे बंद, ऊन थेट येत नाही अशी खिडकी, शक्यतो उत्तरेची. खडा साध्या पांढऱ्या कागदावर, शेजारी माणसाचा हात. पाच सेकंद हलवायचं नाही. मग तोच खडा, तोच कागद, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली. कागदामुळे फार कळतं. कागदच निळसर दिसत असेल तर खड्याच्या निळ्यातला काही वाटा कॅमेऱ्याचा आहे. शेवटी खडा छापील अक्षरांवर ठेवायला सांगा आणि सरळ वरून बघा. मधोमध अक्षरं वाचता आली तर कट उथळ आहे, उजेड वर न परतता खालून निघून जातो आणि तिथे रंग फिका पडतो. हा व्हिडिओ द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी घेणार नाही.

आता तिचा खडा इतका काळा का, ते सर्टिफिकेटवरच्या मापांत दिसत होतं. वजन 3.07 कॅरेट, माप 9 × 7 × 6 मिलिमीटर. अंडाकृती खड्याचा साधा अंदाज असा काढतात: लांबी-रुंदीची सरासरी 8, तिचा वर्ग 64, गुणिले खोली, गुणिले नीलमाची घनता 4, गुणिले 0.0020. खोली 6 धरली तर 3.07 येतं, म्हणजे माप खरं आहे. पण रुंदी 7 असताना 6 खोली म्हणजे पोट फारच सुटलेलं. हाच चेहरा साडेचार मिलिमीटर खोलीत बसला असता आणि वजन 2.30 भरलं असतं. पाऊण कॅरेटहून जास्त वजन खाली पोटात, अंगठीत न दिसणारं, आणि भाव मात्र कॅरेटमागे! शिवाय उजेडाला जास्त जाडीतून जावं लागतं, त्यामुळे मुळात गडद असलेला रंग आणखी मिटतो. हे गणित तिला पैसे भरण्याआधीही करता आलं असतं, मापं साइटवर होतीच.

सर्टिफिकेट रंगाबाबत फारसं वाचवत नाही, हेही सांगायला हवं. खडा नैसर्गिक आहे का, रंग खुलवायला तापवलेला आहे का, हे त्यावरून कळतं आणि ते महत्त्वाचंच आहे. पण रंगापुढे बहुतेक वेळा नुसतं निळा एवढंच असतं. तो निळा रात्री कसा दिसेल, ते कुठलीच लॅब लिहून देत नाही.

तिला पैसे परत मिळाले, ते मात्र तिच्या शहाणपणामुळे. साइटवर 'रंगात थोडाफार फरक पडू शकतो' ही ओळ होतीच, आणि विकणाऱ्याने आधी तीच पुढे केली. पण तिने ऑर्डरच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं होतं: खडा हातात आल्यापासून सात दिवस, कारण न विचारता परत, रक्कम त्याच खात्यात. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. काही जण मुदत पाठवल्या दिवसापासून मोजतात. काही जण पैसे न देता पुढच्या खरेदीचं क्रेडिट देतात. आणि ज्योतिषासाठी घेणाऱ्यांनी हे आवर्जून बघावं: खडा अभिमंत्रित करून मागवला किंवा अंगठीत बसवून मागवला, तर तो तुमच्यासाठी खास तयार केला म्हणून परत घेत नाहीत. श्रद्धा तुमची, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण खडा सुटा मागवा, दोन-तीन दिवस बघा, मग पूजा करा आणि बसवा.

लेखी काहीच नसेल तरी 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक नियमांनुसार जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वजन कमी निघालं, तापवलेला खडा न तापवलेला म्हणून विकला, तर हा नियम भक्कम आहे. 'व्हिडिओत उजळ दिसत होता' एवढंच म्हणणं असेल, तर भांडण लांबतं.

परत पाठवताना पाकीट बंद करण्याआधी ओळखीच्या सराफाकडे खड्याचं वजन करा आणि काट्यावरचा आकडा, खडा, सर्टिफिकेट, पाकीट बंद होईपर्यंत एकाच सलग व्हिडिओत घ्या. बरेच कुरिअरवाले रत्नं घेतच नाहीत, म्हणून वाटेत हरवलं तर जबाबदारी कुणाची, हे ऑर्डर देतानाच विचारून ठेवा. तिने विमा उतरवून पोस्टाने पाठवला.