‘टाकी भरून ठेवा, भूकंपात सेफ’ म्हणणाऱ्या फॉरवर्डचा हिशोब

फिरतंय ते असं: “उंच पाण्याची टाकी म्हणजे उलटा लोलक. लोलकाचा पीरियड वजनावर नसतो, फक्त उंचीवर असतो, म्हणून टाकी भरलेली असो की रिकामी, फ्रिक्वेन्सी सेमच. भरलेली तर उलट सेफ, जड असल्याने हळू हलते. काढायची असेल तर 3EI/L³ मध्ये सगळ्या कॉलमच्या I ची बेरीज टाका, झालं काम.”

आधी एक गंमत बघा, सेमच म्हणायचं आणि लगेच भरल्यावर हळू हलते म्हणायचं, यातलं एक तरी सोडा ना राव. असो, एकेक घेऊ.

लोलकाला मधे परत आणतं ते गुरुत्वाकर्षण, आणि ते वजनाच्याच प्रमाणात वाढतं, म्हणून तिथे वजन कटतं. टाकीला परत आणतो तो तिच्या खालचा वाकलेला शाफ्ट, आणि वर किती पाणी आहे याच्याशी त्याच्या ताठपणाला काही घेणंदेणं नाही. म्हणून इथे वजन कटत नाही, सरळ वर्गमुळात बसतं. k म्हणजे ताठपणा, E मटेरियलचा कडकपणा, I छेदाच्या आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध, L उंची, m वरचं वजन आणि T पीरियड, म्हणजे एका झोक्याचा वेळ:

```
k = 3EI / L³
T = 2π √(m / k)
```

आणि उलट्या लोलकात गुरुत्वाकर्षण मदत नाही करत, कललेल्या टाकीला अजून खाली ओढतं. पण अशा शाफ्टमध्ये तो परिणाम इतका किरकोळ की सोडून दिला तरी चालतो. उंचीचा भाग मात्र खरा आहे, फक्त तोही लोलकापेक्षा जास्त कडक: उंची दुप्पट झाली की ताठपणा आठपट कमी आणि पीरियड जवळजवळ २.८ पट.

आता एक टाकी घेऊ, अडीच लाख लिटरची, म्हणजे २५० टन पाणी. गोल कंटेनर, व्यास ८.६ मीटर, पाणी ४.३ मीटर खोल, रिकामा कंटेनर १५० टन धरा. खाली पोकळ आरसीसी शाफ्ट, बाहेरून ५ मीटर व्यास, भिंत १५० मिमी, आणि पायापासून वजनाच्या मध्यापर्यंत १८ मीटर. एम २५ काँक्रीटचा E २५,००० एमपीए, I येतो ६.७ m⁴ च्या आसपास, आणि k साधारण ८६,५०० kN/m. शाफ्टचं स्वतःचं वजन १०३ टन, पण तो खाली घट्ट आणि वर हलणारा असल्याने त्याचा ३३/१४० भाग, म्हणजे २४ टनांच्या थोडं वर, टोकाला धरायचा. रिकाम्या टाकीचं टोकाचं वजन झालं १७४ टन, पीरियड ०.२८ सेकंद, फ्रिक्वेन्सी ३.५ हर्ट्झ. भरल्यावर ४२४ टन, ०.४४ सेकंद, २.३ हर्ट्झ. सेम कुठे आहे?

पण इथे थांबलं तर आपणही अर्धवटच, कारण सगळं पाणी कंटेनरसोबत हलत नाही. हाउसनर या भूकंप-इंजिनिअरने १९६३ मध्ये दिलेल्या दोन वस्तुमानांच्या मॉडेलमध्ये खालचं पाणी भिंतीला चिकटल्यासारखं सोबत जातं आणि वरचं आपल्या मनाने हिंदकळतं. आपल्या टाकीत खोली व्यासाच्या निम्मी आहे, तर सुमारे ५४ टक्के पाणी सोबत जातं आणि ४४ टक्के हिंदकळतं. म्हणजे शाफ्टच्या टोकाला बसतात १७४ अधिक १३५, सुमारे ३१० टन, आणि पीरियड ०.३८ सेकंद, २.७ हर्ट्झ. हिंदकळण्याचा पीरियड वेगळा, ३.१ सेकंद, आणि तो निघतो व्यास, खोली आणि g वरून, पाण्याच्या वजनाचा त्यात संबंध नाही! मला वाटतं लोलकाची अर्धी ऐकीव गोष्ट इथूनच आली असणार, हिंदकळणाऱ्या पाण्याची गोष्ट उचलून शाफ्टला लावली.

“हळू हलते म्हणून सेफ” हे ऐकायला पटतं, कारण लांब पीरियडच्या उंच इमारतीवर भूकंपाचा प्रवेग खरंच कमी पडतो. पण त्यासाठी पीरियड पुरेसा लांब हवा. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय कोडच्या २०१६ च्या आवृत्तीतल्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या पीरियडला किती प्रवेग धरायचा त्या आलेखात, खडकावर ०.१ ते ०.४ सेकंदापर्यंतचा भाग सपाट आहे, मध्यम जमिनीवर ०.५५ पर्यंत आणि मऊ जमिनीवर ०.६७ पर्यंत. आपली टाकी रिकामी ०.२८ वर, भरलेली ०.३८ वर, दोन्ही सपाट भागातच. प्रवेग तोच राहिला आणि वजन १७४ वरून ३१० झालं, म्हणजे पायथ्याशी आडवं बल १.८ पटीच्या जवळ. टाकी हळू झाली खरी, पण त्याची सूट काहीच मिळाली नाही. हिंदकळणाऱ्या पाण्याचा वाटा वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने मिळवला तरी एकूण आकडा जेमतेम हलतो, कारण ३ सेकंदावर प्रवेग फारच कमी.

भरलेल्या टाकीच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे द्यायला हवा. पाण्याचं वजन शाफ्टवर दाब वाढवतं, त्यामुळे एका बाजूला येणारा ताण थोडा कमी होतो, आणि म्हणूनच कोड भरलेली आणि रिकामी दोन्ही तपासायला सांगतो. पण यातून “भरून ठेवा म्हणजे सेफ” निघत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात शाफ्टवरच्या बऱ्याच टाक्यांना पायथ्याकडे शाफ्टभोवती कड्यासारख्या आडव्या भेगा गेल्या. खाली घट्ट आणि वर मोकळा असा कँटिलिव्हर वाकला की वाकवणारा मोमेंट सगळ्यात जास्त पायथ्याशीच असतो, आणि पातळ पोकळ शाफ्टला तिथे दुसरा आधार नसतो.

राहिलं I च्या बेरजेचं, आणि खरं सांगायचं तर मला यातलं हेच सगळ्यात खटकलं, कारण हे वापरून कोणीतरी डिझाइन करेल. शाफ्ट हा एकच कँटिलिव्हर आहे, तिथे 3EI/L³ चालतं. पण चार कॉलम आणि मधे ब्रेसिंगच्या बीम असल्या की प्रत्येक कॉलम दोन ब्रेसच्या मधे एस आकारात वाकतो, सबंध १८ मीटरचा एकटा वाकत नाही. ४५० मिमी व्यासाचे चार कॉलम घ्या, ४.५ मीटरचे चार टप्पे. फॉरवर्डप्रमाणे k येतो १०४ kN/m च्या आसपास, आणि कॉलमचं वजन सोडून वर रिकामा कंटेनर आणि सोबत हलणारं पाणी मिळून २८५ टन ठेवले तर पीरियड १० सेकंद! इतकी लवचिक टाकी वाऱ्याने सुद्धा डुलत राहील, आणि आकडा असा आला की तिथेच कळायला हवं की गडबड आहे. ब्रेस एकदम ताठ धरले तर टप्प्याला 12EI/h³ प्रति कॉलम आणि चार टप्पे एकावर एक, म्हणजे k ६४ पट आणि पीरियड १.३ सेकंद. खरे ब्रेस थोडे वाकतात, कॉलमही लांब-आखूड होतात, म्हणून खरा आकडा १.३ च्या वरच येणार, पण १० च्या जवळपासही नाही. योग्य रस्ता सोपा आहे: स्टेजिंगचं, म्हणजे कॉलम आणि ब्रेसच्या सांगाड्याचं, फ्रेम मॉडेल करा, वरच्या वजनाच्या मध्यावर आडवं बल लावा, किती सरकलं ते बघा आणि बलाला त्याने भागा, तोच k.

आणि सूत्रावर भरवसा नसेल तर मोजून बघता येतं. शाफ्टवरच्या टाकीच्या गॅलरीत अ‍ॅक्सेलरोमीटर ठेवा, वाऱ्याच्या आणि पंपाच्या बारीक कंपनांची काही मिनिटं नोंद घ्या, एकदा रिकामी असताना आणि एकदा भरल्यावर. पंपाच्या स्वतःच्या फेऱ्यांची फ्रिक्वेन्सी वेगळ्या जागी टोकासारखी दिसेल, ती बाजूला काढा. पाया आणि जमीन थोडी दबत असली तर दोन्ही फ्रिक्वेन्सी हिशोबापेक्षा खाली येतील, म्हणून त्यांचं गुणोत्तर बघा. आपल्या टाकीत रिकाम्याला भरलेल्याने भागलं तर १.३३ च्या जवळ यायला हवं. सगळंच पाणी सोबत हलत असेल तर १.५६, आणि फॉरवर्ड खरं असेल तर बरोबर १.