निगेटिव्ह सेटअप, निगेटिव्ह होल्ड: चूक लायब्ररीत नाही, फ्लॉपच्या आतल्या क्लॉकमध्ये उत्तर आहे

«निगेटिव्ह सेटअप किंवा होल्ड टाईम असूच शकत नाही, क्लॉक येऊन गेल्यावर आलेला डेटा फ्लॉप कसा पकडेल, ही लायब्ररी बनवणाऱ्याची चूक असते. आणि असा फ्लॉप खरंच मिळाला तर दोन्ही निगेटिव्ह असलेला सगळ्यात भारी, सेटअप निगेटिव्ह म्हणजे तेवढा वेळ फुकट मिळाला. शंका असेल तर सगळे निगेटिव्ह आकडे शून्य करून टाका, सेफ आहे.»

फ्लिप-फ्लॉपबद्दल वरचं म्हणणं नेहमी ऐकू येतं, ते एकेक मुद्दा घेऊन तपासू. सेटअप म्हणजे क्लॉकच्या एजआधी आणि होल्ड म्हणजे एजनंतर डेटा जेवढा वेळ स्थिर हवा तो वेळ. पहिला मुद्दा घेऊ. सगळा घोळ एका गोष्टीत आहे, ती म्हणजे आकडा कुठे मोजलाय. लायब्ररीतला सेटअप आणि होल्ड सेलच्या बाहेरच्या पिनवर मोजतात, म्हणजे D पिनवरचा बदल आणि CK पिनवरची एज यांच्यातलं अंतर. पण डेटा पकडायचं खरं काम पिनवर होतच नाही, ते आत मास्टर लॅचच्या गेटवर होतं आणि तिथे पोचायला दोघांनाही वेळ लागतो.

नेहमीचा ट्रान्समिशन गेटवाला मास्टर-स्लेव्ह फ्लॉप डोळ्यासमोर आणा. CK पिनच्या मागे लगेच दोन इन्व्हर्टर असतात, पहिल्यातून उलटा क्लॉक मिळतो आणि दुसऱ्यातून परत सुलटा, आणि हे दोन्ही सेलच्या आतल्या गेट्सना जातात. हे इन्व्हर्टर उगाच नाहीत, गेट उघडायला-मिटायला दोन्ही पोलॅरिटी लागतात, शिवाय क्लॉक ट्रीवर सेलचा लोड कमी पडतो आणि बाहेरून कितीही आळशी एज आली तरी आत ती जरा धारदार होऊन मिळते. दुसरीकडे D पिनवरून येणारा डेटा स्कॅन मक्समधून, मग इनपुट गेटमधून मास्टरच्या नोडवर जातो. पॉझिटिव्ह एज फ्लॉपमध्ये क्लॉक लो असताना मास्टर उघडा असतो आणि CK वर चढला की तो मिटतो, पण मिटतो तो CK पिनवर एज आल्या क्षणी नाही, ती एज आतले इन्व्हर्टर पार करून गेटपर्यंत पोचल्यावर. शाळेची घंटा वाजली तरी शिपाई चालत येऊन गेट लावेपर्यंत पोरं आत शिरतातच की, तसंच आहे हे. यात भविष्य बघण्यासारखं काही नाही, मास्टरच्या गेटवर बघितलं तर डेटा क्लॉकच्या आधीच हजर झालेला असतो.

आता हिशोब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुठल्याही एका फाउंड्रीचे नाहीत. समजा आत मास्टरला डेटा नीट बसायला गेट मिटण्याआधी 15 पिकोसेकंद लागतात (म्हणजे पुढच्या इन्व्हर्टरमधून फिरून फीडबॅक त्याच किमतीवर येईपर्यंत), आणि मिटल्यावर अजून 5 पिकोसेकंद डेटा हलता कामा नये. D पासून आतल्या गेटपर्यंतचा डिले 40, CK पासून आतल्या गेटपर्यंतचा 25. मग पिनवर दिसणारं गणित असं:

```
setup = 15 + 40 - 25 = 30
hold  =  5 + 25 - 40 = -10
```

झाला ना निगेटिव्ह होल्ड, आणि कुणीही चूक केली नाही. अर्थ एवढाच की CK पिनवर एज यायच्या 10 पिकोसेकंद आधी D बदलला तरी फ्लॉप जुनीच किंमत पकडतो, कारण नवीन किंमत मक्समधून रांगत आत पोचेपर्यंत गेट मिटलेलं असतं. स्कॅन फ्लॉपमध्ये हे सर्रास दिसतं, मक्समुळे डेटाचा रस्ता लांबलेला असतो म्हणून. मक्स नसलेल्या साध्या फ्लॉपमध्ये डेटाचा डिले कमी असतो, तिथे होल्ड वर सरकतो आणि सेटअप खाली येतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, की हा आकडा दोन डिलेंची वजाबाकी आहे. 40 आणि 25 हे दोन्ही प्रोसेस, व्होल्टेज आणि तापमानानुसार हलतात, आणि एकाच प्रमाणात हलतात असं अजिबात नाही. डेटा 20 टक्क्यांनी फास्ट झाला आणि क्लॉक 20 टक्क्यांनी स्लो, तर होल्ड होतो 5 + 30 - 32, म्हणजे +3. चिन्हच बदललं! म्हणून एका कॉर्नरला -10 दिसला की सगळीकडे निगेटिव्हच असेल असं धरू नका, प्रत्येक कॉर्नरची लायब्ररी उघडून बघा. एकाच टेबलमध्ये सुद्धा डेटा आणि क्लॉकचा स्लू बदलला की काही खाने निगेटिव्ह आणि काही पॉझिटिव्ह निघतात, आणि त्यात काही वावगं नाही.

दोन्ही निगेटिव्ह असण्याचं बोलू. वरचे दोन आकडे बेरजेत घ्या: 30 आणि -10, बेरीज 20. ही 20 म्हणजे आतले 15 आणि 5, कारण बेरीज करताना डेटा आणि क्लॉकचे डिले एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे आतले डिले काहीही ठेवा, खिडकी 20 चीच राहते, फक्त ती क्लॉकच्या एजपासून पुढे-मागे सरकते. आत्ता ती -30 ते -10 आहे, म्हणजे पूर्ण एजच्या आधी. आणि मास्टरला बसायला काही ना काही वेळ लागणारच, त्यामुळे बेरीज शून्याखाली जाऊ शकत नाही. खिडकीच नसलेला फ्लॉप कुठून आणणार?

इथे गोंधळायला एक जागा आहे, ती सांगतो. लायब्ररीत सेटअप आणि होल्डला राईज-फॉल असे वेगवेगळे आकडे असतात आणि कुणीतरी setup_rising चा राईज आणि hold_rising चा फॉल शेजारी ठेवतो, दोन्ही निगेटिव्ह दिसतात आणि मग खूष होतो. पण ती जोडीच चुकीची आहे. D ची वर चढणारी एज पुरेशी लवकर आली तर फ्लॉप 1 पकडतो, ती हद्द म्हणजे राईजचा सेटअप, आणि तीच एज पुरेशी उशिरा आली तर आधीचा 0 पकडला जातो, ती हद्द म्हणजे राईजचा होल्ड. ही जोडी लावा, बेरीज पॉझिटिव्हच मिळेल.

आता फुकटच्या वेळेचं. समजा त्याच सेलमध्ये आतला क्लॉक 40 पिकोसेकंदांनी उशिरा केला, 25 चे 65 झाले. सेटअप होतो 15 + 40 - 65 = -10, होल्ड होतो 30. वा, निगेटिव्ह सेटअप! पण स्लेव्हलाही तोच उशिराचा क्लॉक मिळतोय, म्हणजे आधी CK पासून Q पर्यंत 70 लागत असतील तर आता 110 लागतील. सेटअप आणि क्लॉक-टू-Q ची बेरीज करा, आधी 30 + 70 = 100, आता -10 + 110 = 100. एका पाईपलाईन स्टेजमध्ये फ्लॉप जेवढा वेळ खातो तो हाच, आणि तो जागचा हलला नाही. होल्डच्या बाजूलाही तसंच, 70 + 10 आणि 110 - 30, दोन्हीकडे 80 चा मार्जिन.

फरक पडतो तो दोन वेगळ्या जातीचे फ्लॉप एकमेकांना जोडल्यावर. नेहमीचा फ्लॉप लाँच करतोय आणि उशिराच्या क्लॉकवाला कॅप्चर करतोय, तर सेटअपला खर्च 70 - 10 = 60, म्हणजे 40 वाचले, पण होल्डचा मार्जिन 80 वरून 70 - 30 = 40 वर आला. आणि पुढच्या स्टेजला तोच उशिराचा फ्लॉप लाँच करेल तेव्हा 110 + 30 = 140 जाणार, म्हणजे वाचलेले 40 तिथे परत भरायचे. वेळ कमावला नाही, शेजारच्या स्टेजकडून उसना घेतला. क्लॉक ट्रीमध्ये मुद्दाम स्क्यू देतात तेच काम इथे सेलच्या पोटात झालंय, बाकी काही नाही. Q थेट पुढच्या SI ला जोडलेल्या स्कॅन चेनमध्ये असे मिश्र फ्लॉप आले आणि 50 चा स्क्यू उलट्या बाजूने बसला की 40 चा मार्जिन संपून होल्ड फेल, आणि होल्ड फेल असेल तर क्लॉक कितीही हळू केला तरी चिप सुधारत नाही.

खरंच काही मिळवायचं तर रचना बदलावी लागते. दोन्ही लॅच थोडा वेळ एकदमच उघडे राहिले तर एज नंतर आलेला डेटाही सरळ Q पर्यंत निघून जातो, आणि स्लेव्हला उशीर केलेला नसल्यामुळे क्लॉक-टू-Q ची वेगळी किंमत मोजावी लागत नाही. पल्स्ड लॅचची कल्पना हीच. हमीद पार्टोवी आणि सहकाऱ्यांनी 1996 च्या आयएसएससीसीमध्ये मांडलेल्या हायब्रिड लॅच फ्लिप-फ्लॉपमध्ये क्लॉक तीन इन्व्हर्टरमधून उशिरा करून, मूळ क्लॉक आणि उशिराचा उलटा क्लॉक मिळून एक छोटी उघडी खिडकी बनवतात. त्या खिडकीत डेटा आला तरी चालतो, म्हणून सेटअप निगेटिव्ह. पण खिडकी मिटेपर्यंत डेटा स्थिरही राहायला हवा, म्हणून होल्ड मोठा, आणि प्रत्येक छोट्या पाथवर होल्डसाठी बफर घालत बसावं लागतं. फाबियन क्लासच्या 1998 च्या सेमी-डायनॅमिक फ्लिप-फ्लॉपमध्येही असाच सौदा आहे, वेग मिळतो आणि होल्ड अंगावर येतो.

शेवटचा मुद्दा, शून्य करण्याचा, आणि यात निम्मं बरोबर आहे ते आधी मान्य करतो. स्टॅटिक टायमिंगमध्ये -10 च्या जागी 0 टाकलं तर टूल जास्त कडक होतं, चिप त्यामुळे फेल होणार नाही. पण फुकट नाही हे. होल्डचे ते 10 पिकोसेकंद ज्या ज्या पाथला कमी पडतील तिथे टूल बफर टाकणार, एरिया आणि पॉवर जाणार, आणि ते फ्लॉपला प्रत्यक्षात नकोच होते.

गेट लेव्हल सिम्युलेशनमध्ये मात्र हे सरळ घातक आहे. वेरिलॉगमध्ये सुटे $setup आणि $hold निगेटिव्ह आकडा घेत नाहीत, त्यासाठी दोन्ही एकत्र असलेला चेक लागतो:

```
$setuphold(posedge CK, D, 30, -10, notifier, , , dCK, dD);
```

शेवटचे dCK आणि dD बघा. निगेटिव्ह होल्ड असेल तर सिम्युलेटर D ला आत थोडा उशीर करून dD बनवतो, आणि मॉडेलने सॅम्पलिंग या dD वर करायचं असतं. म्हणजे सेलच्या पोटातला डिले मॉडेलमध्ये परत आणला. आता D एजच्या 5 पिकोसेकंद आधी बदलला असं धरा, खऱ्या सिलिकॉनमध्ये जुनी किंमत पकडली जाते आणि ते कायदेशीर आहे. होल्ड शून्य केला तर खिडकी -30 ते 0 होते, हा बदल आत सापडतो, नोटिफायर हलतो आणि Q वर X येतो. एक X पुढे पसरून अख्खं टेस्ट खराब होतं, मग कुणीतरी कंटाळून +notimingcheck लावतो आणि खरी व्हायोलेशनसुद्धा झाकली जातात. आणि मॉडेल dD ऐवजी थेट D वापरत असेल तर अजून वाईट, एकही वॉर्निंग न येता फ्लॉप नवीन किंमत पकडतो, सिलिकॉनच्या बरोबर उलट.

व्हीसीएसमध्ये कंपाईल करताना +neg_tchk दिलं नाही तर निगेटिव्ह आकडे तो स्वतःच शून्य धरतो, त्यामुळे X चा पूर आला की डिझाईनला दोष देण्याआधी तो ऑप्शन आहे का ते बघा, आणि लॉगमध्ये निगेटिव्ह लिमिट बदलल्याची वॉर्निंग शोधा. प्राईमटाईमच्या रिपोर्टमध्ये library hold time ची ओळ निगेटिव्ह दिसली, किंवा library setup time ची ओळ वजा व्हायच्या ऐवजी पॉझिटिव्ह दिसली, तर घाबरून टिकीट टाकू नका. आधी त्या एंडपॉईंटचा सेल, त्याचा स्लू आणि कॉर्नर बघा, आणि त्याच पिनचा जोडीचा आकडा काढून बेरीज पॉझिटिव्ह येते का ते तपासा. बेरीजच शून्याखाली आली तर मात्र लायब्ररीवाल्यांना जरूर विचारा.