कॉफी सुटली आणि तिच्याबरोबर दूधही

"कॉफी हाडांतलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर काढते. पन्नाशीनंतर बायकांनी ती बंद केली नाही, तर हाडं ठिसूळ होऊन मोडणारच."

कॅल्शियम जातं, हे खरं. कॉफी प्यायल्यावर पुढचे दोन-तीन तास लघवीतून ते थोडं जास्त जातं आणि आतड्यात किंचित कमी शोषलं जातं. पण किती? एका कपामागे सुमारे ५ मिलिग्रॅम. दोन मोठे चमचे दूध घातलं की तेवढं भरून निघतं.

माझ्या मावशीने हाच मेसेज वाचून कॉफी सोडली. वय ६६. रोज दोन कप प्यायची, प्रत्येकात अर्धी वाटी, म्हणजे साधारण १०० मिली दूध. आता ती कोरा चहा घेते. दिवसाचं २०० मिली दूध गेलं, म्हणजे सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम. त्यातलं तिसऱ्या हिश्श्याएवढं अंगी लागतं असं धरलं, तरी १० वाचवायला तिने ७०-८० घालवले. दुसरं दूध ती पीत नाही, म्हणून मला याची खरी काळजी वाटते.

आता "मोडणारच" याबद्दल. स्वीडनमध्ये ६१ हजारांहून अधिक स्त्रियांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. रोज चार किंवा अधिक कप पिणाऱ्यांच्या हाडांची घनता दोन ते चार टक्के कमी भरली, पण हाड मोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. त्याआधी, १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या पाहणीतही घनता घटलेली दिसली ती कॉफी पिणाऱ्या पण दूध न घेणाऱ्या स्त्रियांमध्ये. रोज पेलाभर दूध घेणाऱ्यांत हा फरक नव्हता.

म्हणून जपायचं कुणी? जी काळी कॉफी चार-पाच कप पिते आणि जिच्या ताटात दूध, दही, नाचणी फारसं नसतं, तिने. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते जेवणातून जुळत असेल, तर दोन-तीन कप दुधाच्या कॉफीला हरकत नाही. संध्याकाळची मात्र टाळलेली बरी. झोप उडते, रात्री लघवीला उठावं लागतं, आणि अंधारात पाय घसरला की खुब्याचं हाड मोडतं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. हाडांसाठी आठवड्यातून एकदा अॅलेंड्रोनेटची गोळी घेत असाल, तर ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबतच घ्या. कॉफीबरोबर घेतली तर मुळातच थोडं शोषलं जाणारं औषध आणखी ६० टक्क्यांनी कमी शोषलं जातं. गोळीनंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचंही नाही. त्यानंतर कॉफी आणि नाश्ता. कॅल्शियमची गोळी त्या वेळी नको, ती दुपारच्या जेवणाबरोबर घ्या.