दोनच स्लाइड हव्यात फक्त

मॅडम म्हणाल्या, "फार काही नकोय रे, दोनच स्लाइड कर. एक, आपण कस्टमरला उत्तर द्यायला किती वेळ लावतो आणि तो कमी होतोय का. दुसरी, लोकं नेमकी कशाबद्दल ओरडतात. तीन महिन्यांचा एक्सपोर्ट काढ, पिव्हट लाव, संध्याकाळपर्यंत होईल."

पिव्हट लाव हे दोन शब्द मॅडम ज्या सहजतेने म्हणतात ना, त्यावरून ओळखायचं की त्यांनी स्वतः कधी लावलेला नाही.

एप्रिल ते जून, कस्टमर सपोर्टची 2140 तिकिटं. सीएसव्ही आली, मी डबल क्लिक केलं, एक्सेल उघडलं आणि इथेच पहिली चूक झाली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कारण पिव्हट लावला तर त्यात डिसेंबर आला. जानेवारी पण आला, ऑक्टोबर पण. अजून जुलैचा पहिला आठवडा चालू आहे आणि आमच्याकडे डिसेंबरची तिकिटं सोडवून झालीयेत, याला म्हणतात प्रोअ‍ॅक्टिव्ह सपोर्ट. त्याहून भारी म्हणजे नीट बघितलं तर दर महिन्याच्या फक्त 4, 5 आणि 6 तारखेलाच लोकांना प्रॉब्लेम येत होते, बाकी महिनाभर सगळे सुखात.

झालं काय होतं, की एक्सपोर्टमध्ये आधी दिवस मग महिना, आणि माझं एक्सेल समजतं आधी महिना मग दिवस. म्हणजे 12/05 ही 12 मेची तारीख त्याने 5 डिसेंबर करून टाकली. एप्रिल-मे-जून म्हणजे 4-5-6, तेच दिवस होऊन बसले. आणि 12 च्या पुढचे दिवस? तेरावा महिना नसतो एवढं एक्सेललाही माहितीये, मग त्या तारखांना त्याने हातच लावला नाही, तशाच टेक्स्ट म्हणून ठेवल्या. ओळखायची खूण एकदम सोपी आहे, तारखेच्या कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे. डावीकडच्या म्हणजे टेक्स्ट, त्या निदान चुकीच्या तरी नाहीत. उजवीकडच्या शहाण्यासारख्या दिसतात आणि त्याच खोट्या. अशा आठशेच्या वर निघाल्या. त्या एकेक दुरुस्त करत बसायचं नाही (मी अर्धा तास बसलो), सरळ मूळ फाइल परत घ्यायची, डबल क्लिक न करता डेटा टॅबमधून इम्पोर्ट करायची आणि त्या कॉलमला सांगायचं की बाबा, आधी दिवस आहे.

मॅडमचा मेसेज: "काही अपडेट?" मी: "हो मॅडम, बघतोय."

आता तारखा सरळ झाल्या, मग `first_response_at` मधून `created_at` वजा केलं, आणि काय सांगू, डोळ्यात पाणी आलं. एप्रिलमध्ये तीन तास, आणि जूनमध्ये 1 मिनिट! मी ग्राफ काढला, रंग बिंग लावले, बाणही लावला खाली जाणारा. मॅडमना पाठवणार, तेवढ्यात आठवड्यांऐवजी दिवसांप्रमाणे ग्राफ काढून बघितला, उगाचच, बाण जास्त सुंदर दिसेल म्हणून. तर 13 मेपर्यंत तीन तासांच्या आसपास आणि 14 मेपासून थेट 1 मिनिट. जिना नाही, उतार नाही, कडा. आता मी आमच्या टीमला ओळखतो. माणसं सुधारतात तेव्हा हळूहळू सुधारतात, मध्येच मागेही जातात, एका बुधवारी सकाळी सगळी एकदम सुधारली असं होत नाही. ग्राफला असा कडा दिसला की माणसं बदलली नाहीयेत, सिस्टिममध्ये कोणीतरी काहीतरी बदललंय.

विचारल्यावर कळलं की 14 मेला ऑटो रिप्लाय चालू केला होता. "आपली विनंती आम्हाला मिळाली आहे." आणि तो नेहमीच्या ऑटो मेलमधून न जाता एका एजंटच्या अकाउंटवरून जायचा, म्हणून सिस्टिमला वाटलं माणसाने उत्तर दिलं. त्या अकाउंटला मागच्या महिन्यात शाबासकीचा मेल पण गेला होता म्हणे.

म्हणजे हा एक्सपोर्टच कामाचा नाही. तिकिटांच्या यादीत फक्त निकाल असतो, कोणी काय लिहिलं ते कॉमेंट्सच्या एक्सपोर्टमध्ये. तो काढला, साडेनऊ हजार ओळी. त्यातून प्रत्येक तिकिटाचं पहिलं असं उत्तर शोधायचं जे एजंटचं आहे, कस्टमरला दिसलेलं आहे (आपापसातली "हे कोणाकडे देऊ" वाली नोट नाही) आणि त्या ऑटोवाल्या अकाउंटचं नाही.

```
=MINIFS(C:C,A:A,G2,D:D,"agent",E:E,"public",B:B,"<>auto-reply")
```

A मध्ये तिकीट नंबर, B मध्ये कोणी लिहिलं, C मध्ये वेळ, D मध्ये लिहिणारा एजंट की कस्टमर, E मध्ये ते कस्टमरला दिसलं की नाही, आणि G2 मध्ये ज्याचं उत्तर शोधायचंय तो तिकीट नंबर. फॉर्म्युला एकदम चांगला, फक्त त्याला एक खोड आहे, काहीच सापडलं नाही तर तो रिकामा राहत नाही, शून्य देतो. आणि एक्सेलमध्ये शून्याला तारखेचे कपडे घातले की ते होतं 0 जानेवारी 1900. शून्य जानेवारी! म्हणजे ज्यांना अजून उत्तरच गेलं नव्हतं, त्यांना आम्ही सव्वाशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन मोकळे झालो होतो, कस्टमरच्या आजोबांच्याही आधी. अशी तिकिटं होती मोजून पस्तीस, पण एकेकाचा वेळ उणे पंचेचाळीस हजार दिवस, त्यामुळे आख्खी सरासरी मायनसमध्ये गेली. ती वेगळी काढून "उत्तर बाकी" लिहून ठेवली, कारण नुसती गाळली तर जे सगळ्यात जास्त वाट बघतायत तेच हिशोबातून गायब होतात.

मॅडम: "काही अपडेट?" मी: "जवळजवळ झालंच."

मग सरासरीचा वाद. मॅडमना सरासरी हवी होती, मी म्हणलं मीडियन घेऊ, त्या म्हणाल्या वर कोणाला कळणार नाही. मी त्यांना एका शुक्रवारची नऊ तिकिटं दाखवली. आठ जणांना 20, 25, 30, 35, 40, 45, 50 आणि 55 मिनिटांत उत्तर मिळालं. नववं आलं संध्याकाळी साडेपाचला, त्याला उत्तर गेलं सोमवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे 64 तास. सगळ्यांची सरासरी काढली तर 7 तास 40 मिनिटं. आता त्या नऊ जणांत साडेसात तास थांबलेला माणूस दाखवा बरं? एकही नाही. आठ जण तासाच्या आत सुटले आणि एक जण आख्खा वीकेंड टांगला गेला. मीडियन म्हणजे ओळीने उभे केले की मधला, पाचवा, 40 मिनिटंवाला, तो निदान खराखुरा माणूस तरी आहे. मॅडमना पटलं. (आमच्या ऑफिसच्या वेळेप्रमाणे धरलं तर त्या नवव्याचेही 64 तास आक्रसून 1 तास होतो, पण ते त्या कस्टमरला फोन करून सांगायची हिंमत माझ्यात नाही.)

तर मीडियन निघाला: एप्रिल 3 तास 10 मिनिटं, मे 3 तास 5, जून 2 तास 20. खरंखुरं सुधारलंय! पहिली स्लाइड तयार.

दुसऱ्या स्लाइडला काय, कॅटेगरी तर तिकिटावर लिहिलेलीच असते, मोजायची फक्त. मोजली. पहिला नंबर, 38 टक्के, `Other`. म्हणजे आमच्या कस्टमरचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम आहे इतर. सपोर्टमधल्या सिनियर ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अरे, कॅटेगरी टाकल्याशिवाय तिकीट बंद होत नाही, ड्रॉपडाउनमध्ये 31 नावं आहेत, आणि ओ दाबला की थेट अदर येतं. तू काय केलं असतंस?" मी पण ओ च दाबला असता.

मग दुसरा इलाज नाही, वाचायला लागतं. शेजारच्या कॉलममध्ये RAND टाकून त्या अदरमधली 100 तिकिटं चिठ्ठ्या काढल्यासारखी उचलली, कारण वरची पहिली 100 घेतली तर सगळी एकाच आठवड्यातली येतात, आणि त्या आठवड्यात सर्व्हर बंद असेल तर संपलंच. (उचलल्यावर ते आकडे व्हॅल्यू म्हणून पेस्ट करायचे, नाहीतर कुठेही एक अक्षर टाइप केलं की नवीन चिठ्ठ्या निघतात. हे मला 40 तिकिटं वाचून झाल्यावर कळलं.)

100 मधली 31 एकाच गोष्टीची होती. पासवर्ड रीसेटचा मेल उशिरा पोचतो, लिंक चालते 15 मिनिटं, मेल येईपर्यंत लिंक मेलेली. यादीत असं नावच नाही, म्हणून कोणी ते लॉगिनमध्ये टाकलं, कोणी ईमेलमध्ये, उरलेल्यांनी ओ दाबला. तीन ठिकाणी वाटलं गेल्यामुळे कुठल्याच यादीत ते वर येत नव्हतं, एकत्र केलं तर सगळ्यात मोठं.

आणि 27 तिकिटांत प्रॉब्लेमच नव्हता. त्यांत लिहिलेलं असायचं, "मागच्या मंगळवारी लिहिलं होतं, काही अपडेट?" जुन्या मेलला रिप्लाय न करता माणूस नवा मेल टाकतो, सिस्टिम त्याचं नवं तिकीट करते. आणि याला उत्तर द्यायला काय लागतं? दहा मिनिटांत "टीम बघतेय" लिहिलं की झालं.

हे वाचता वाचता माझ्या पोटात गोळा आला. मी परत सगळ्या 2140 मध्ये तीच माणसं, आठवड्याभराच्या आत दुसरं तिकीट, अशी शोधली आणि हाताने तपासली. एप्रिलमध्ये 40, मेमध्ये 60, जूनमध्ये 120. ती बाजूला काढली आणि मीडियन परत काढला. एप्रिल 3 तास 20 मिनिटं. जून 3 तास 50. म्हणजे आम्ही खऱ्या प्रश्नांना जितका उशीर करत गेलो तितकी लोकं जास्त विचारायला लागली, त्यांना आम्ही पटापट "बघतोय" म्हणत गेलो आणि आमचा रिस्पॉन्स टाइम सुधारत गेला.

मॅडमना हे सांगितलं. त्या बराच वेळ स्लाइडकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उत्तर लवकर दिलं म्हणजे काम झालं असं नाही." मग म्हणाल्या, "पण संध्याकाळपर्यंत होणार होतं ना हे, नऊ दिवस कसे लागले?"

मी घरी जाऊन आमचं चॅट वर सरकवून मोजलं. मॅडमचे "काही अपडेट?" एकूण 14. माझा मीडियन रिस्पॉन्स टाइम, 2 मिनिटं.