राउटरचे १२०, आणि 'त्याचे' म्हणजे कशाचे?

"इंटरनेटच्या बिलात जास्त पैसे लावलेत? मग पहिल्याच ओळीत 'कोर्टात खेचीन' लिहा, सगळं सविस्तर सांगा आणि बिल अजिबात भरू नका. भाषा, चुका वगैरे कोणी बघत नाही."

ताईला हा फॉरवर्ड आला, तिने तसंच लिहून पाठवलं, आणि आठवड्याने उत्तर आलं, 'आकारणी बरोबर आहे.' मग तिने मला दाखवलं. अगं, आधी दाखवायचं ना!

भाषेचंच आधी घेतो, कारण घात तिथेच झालाय. तिचं वाक्य होतं, 'मी राउटर परत केला आणि नंतर प्लॅन बदलला तरी त्याचे पैसे लावले.' त्याचे म्हणजे कशाचे? ताईच्या मनात राउटर, पण वाचणाऱ्याने जवळचा शब्द धरला, प्लॅन. त्याने प्लॅनचा हिशोब तपासला, १५ दिवस जुना ६०० वाला म्हणजे ३०० आणि १५ दिवस नवा ९०० वाला म्हणजे ४५०, एकूण ७५०, आणि तो खरंच बरोबर होता. बिल मात्र ८७० चं. वरचे १२० राउटरचं भाडं, ते त्याने बघितलंच नाही, कारण तसं कोणी नीट विचारलंच नव्हतं. शिवाय 'गेल्या महिन्यात परत केला' असं मोघम, पत्र वाचेपर्यंत महिना बदलला की तो गेला महिना कुठला?

आम्ही ते असं केलं: 'जूनच्या बिलात "राउटर भाडे" या ओळीत १२० लावले आहेत. राउटर २७ मे रोजी परत केला, पावती जोडली आहे. हे १२० वजा करून दुरुस्त बिल पाठवावे. प्लॅनच्या रकमेबद्दल तक्रार नाही.' वर विषयात बिल क्रमांक, तो बिलावरून एकेक आकडा बोट ठेवून जुळवला, पहिल्या पत्रात दोन आकडे उलटे पडले होते. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं, नाहीतर परत प्लॅनच तपासतील.

धमकी काढून टाकली, त्याने हिशोब कळत नाही. सविस्तर लिहा हे अर्धं खरं आहे, मान्य, पण सविस्तर म्हणजे तारीख, रक्कम, पावती, तीन वर्षांचा त्रास नव्हे.

आणि बिल अजिबात न भरणं सगळ्यात वाईट. वाद १२० चा आहे, ७५० चा नाही. सगळंच अडवलं तर उशिराचा दंड लागू शकतो, लाइन कापली जाऊ शकते, आणि मग मूळ चूक बाजूला राहून थकबाकीवरच बोलणं होतं. वाद नसलेली रक्कम वेळेत भरायची आणि १२० का रोखले ते त्याच तक्रारीत लिहायचं. खात्यातून आपोआप पैसे कापले जात असतील तर सगळे ८७० जातील, तेव्हा 'वजा करा' ऐवजी 'परत करा' लिहायला लागेल. नवीन तक्रार टाकू नका, जुन्याच तक्रार क्रमांकावर उत्तर द्या, म्हणजे आधी काय चुकीचं तपासलं ते त्यांनाही दिसतं.