आलंय त्यावर सुरू करा

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मेल येतो. वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका आहे, इंग्रजीतून मराठीत करायची आहे आणि मंगळवारी सकाळी दहाला हवी आहे. सोबतच्या वर्क ऑर्डरमध्ये चार फाइल्सची नावं आहेत. मेलला जोडलेल्या दोनच आहेत, त्यातली एक पीडीएफ. नवखा भाषांतरकार नेमका इथेच फसतो. तो उरलेल्या फाइल्स मागत बसतो.

तुम्ही तसं करू नका. मागणं म्हणजे संशय घेणं. भाषांतर एजन्सीच्या अंधेरीच्या ऑफिसात सकाळपासून सात भाषांची कामं वाटत बसलेल्या को-ऑर्डिनेटर मॅडम आता सव्वासहाची लोकल गाठायच्या बेतात आहेत. अशा वेळी त्यांना काय विचारणार? विचारलंच तर त्या म्हणतील, "पीडीएफ पाठवलीये ना सर? उघडत नाहीये का?" उघडते, छान उघडते, त्यात मशीनचा फोटोही फार सुंदर आहे. तेव्हा 'नोटेड, विल डू' एवढं लिहा आणि कामाला लागा. सगळं फटाफट करणारा माणूस अशी तुमची ख्याती होईल. ही ख्याती माझी आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

पीडीएफ ही मूळ फाइल नव्हे, मूळ फाइलची छापील सावली, असं काही कटकटे लोक म्हणतात. पुस्तिका तयार होते इनडिझाइन नावाच्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि भाषांतराला हवी असते तिथून काढलेली आयडीएमएल फाइल. तीत वाक्यं अखंड असतात आणि भाषांतर झालं की तेच पुन्हा त्याच चौकटीत जाऊन बसतं. पण ही झाली पुस्तकी गोष्ट. तुम्ही पीडीएफ वर्डमध्ये बदलून घ्या. बदलताना बऱ्याचदा प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेद संपल्याची खूण पडते. डोळ्यांना ती दिसत नाही, म्हणून मनाला लावून घेऊ नका. पुढे हीच वर्ड फाइल कॅट टूलमध्ये, म्हणजे एकेक वाक्य समोर ठेवून त्याचं भाषांतर लक्षात ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की ते टूल त्या खुणांवर विश्वास ठेवून प्रत्येक ओळीला स्वतंत्र वाक्य समजतं.

इथे मराठीची खरी गंमत सुरू होते. पान 9 वर एक इशारा आहे. इंग्रजीत पहिल्या ओळीत 'दार उघडू नका' एवढंच येतं आणि दुसऱ्या ओळीत 'ड्रम फिरत असताना'. टूल दोन वेगळ्या खणांत दोन तुकडे समोर ठेवतं. तुम्ही प्रामाणिकपणे एकेकाचं भाषांतर केलंत की छापून येतं, 'दार उघडू नका ड्रम फिरत असताना.' नवकविता म्हणून वाईट नाही. पण तुम्ही हुशार आहात, तुम्हाला खटकतं. मग तुम्ही पहिल्या खणात 'ड्रम फिरत असताना' आणि दुसऱ्यात 'दार उघडू नका' असं उलटंसुलटं भरता. आता छापील वाक्य बिनचूक झालं, शाबास! फक्त टूलच्या मेमरीत मात्र अशी नोंद झाली की इंग्रजीतल्या 'दार उघडू नका'चं मराठी 'ड्रम फिरत असताना'. पुढच्या वर्षी त्याच कंपनीचं मायक्रोवेव्ह येईल आणि त्यात 'दार उघडू नका' असा सुटा इशारा असेल. तेव्हा टूल शंभर टक्के जुळणी दाखवून मोठ्या आत्मविश्वासाने तिथे ड्रम फिरवेल. शंभर टक्के जुळलेल्या वाक्याचे पैसे एजन्सी जवळजवळ देतच नाही, त्यामुळे ते कोणी वाचणारही नाही. एका फाइलीच्या अभावातून इतका दूरगामी परिणाम साधता येतो.

शब्दमोजणीतही असाच आनंद आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर सहा शब्दांचं शीर्षक असेल, तर अठ्ठेचाळीस पानांचे 288 शब्द आपोआप वाढतात. इनडिझाइनमध्ये ते शीर्षक मास्टर पेजवर एकदाच असतं आणि एजन्सी त्या मोजणीवर पैसे देते, हे बिल पाठवेपर्यंत कळण्याची गरज नाही. उलट कंट्रोल पॅनेलच्या चित्रातली बटणांची नावं चित्राचाच भाग असतील तर एकाही मोजणीत येत नाहीत. ती आयडीएमएलमध्येही सापडणार नाहीत, कारण आयडीएमएल चित्राचा फक्त पत्ता सांभाळते. त्यासाठी चित्राची एडिट होणारी फाइल वेगळी मागावी लागते. आणि मागायचं तर आपण नाहीच आहोत.

बटणांवरून आठवलं. यादीत strings.xml नावाची एक फाइल होती. मशीनच्या मोबाइल ॲपमधले सगळे शब्द त्यात असतात. ती आली नाही म्हणून मी अडलो नाही. पुस्तिकेत 'स्पिन'ला 'पिळणे' केलं आणि 'रिन्स'ला 'विसळणे'. अस्सल मराठी, आमच्या गिरगावातल्या आत्याला विचारून घेतलेलं. ॲपचं मराठी आधीच झालेलं होतं आणि त्यात सरळ 'स्पिन', 'रिन्स' आहे, हे मला फार नंतर कळलं. म्हणजे पुस्तिका सांगणार, 'पिळणे हे बटण दाबा', आणि ग्राहक फोनवर ते बटण शोधणार. भाषा जिवंत ठेवायची तर थोडा त्रास ग्राहकानेही सोसावा.

आता एक वाईट उदाहरण पाहू. मुलुंडला राहणारी माझी एक मैत्रीण मराठी-गुजराती दोन्ही करते. याच पुस्तिकेचं गुजराती तिच्याकडे होतं आणि तिलाही त्या शुक्रवारी त्याच दोन फाइल्स आल्या होत्या. तिने कामाला हात लावायच्या आधी जो मेल लिहिला, तो तिने मला नंतर दाखवला. मूळ मेल इंग्रजीत आहे. भाषांतर माझं, विनामूल्य.

विषय: वॉशिंग मशीन पुस्तिका, गुजराती: 4 पैकी 3 फाइल्स बाकी

नमस्कार मॅडम,

काम मिळालं, आभार. Warranty_EN.docx मिळाली, नीट उघडली, ती आज सुरू करते. Manual_EN_v3.pdf पण मिळाली, पण ती फक्त पाहण्यासाठी वापरता येईल.

वर्क ऑर्डरमधल्या या तीन फाइल्स मेलमध्ये नाहीत:

Manual_EN.idml: भाषांतर यातच करायचं आहे. पीडीएफवरून केलं तर वाक्यं तुटतात आणि तुमच्या डिझायनरला सगळा मजकूर हाताने पुन्हा लावावा लागेल.

ErrorCodes_EN.xlsx: पान 41 वर 'तक्ता पाहा' असं आहे, पण तक्त्याची जागा रिकामी आहे.

strings.xml: बटणांची नावं ॲपशी जुळवायला. ॲपचं गुजराती झालेलं असेल तर तेही पाठवा.

डिझायनरसाठी, जसंच्या तसं फॉरवर्ड करता येईल: इनडिझाइनमध्ये फाइल, मग एक्स्पोर्ट, त्यात 'इनडिझाइन मार्कअप' निवडा. पान 6 वरच्या पॅनेलच्या चित्राची एडिट होणारी फाइलही हवी.

पीडीएफच्या नावात v3 आहे. हीच शेवटची आवृत्ती ना?

सगळं शनिवारी दुपारी दोनपर्यंत मिळालं तर मंगळवार सकाळी दहा कायम. उशिरा मिळालं तर शेवटची फाइल आल्यापासून तीन कामाचे दिवस.

बघा, किती रुक्ष! 'कृपया लवकरात लवकर संबंधित फाइल्स पाठवाव्यात' असं एक मोघम वाक्य लिहिलं असतं तर मॅडमनी पुन्हा तीच पीडीएफ पाठवली असती आणि दोघींचा शनिवार मजेत गेला असता. हिने फाइलींची नावं वर्क ऑर्डरमधून जशीच्या तशी उचलली, त्यामुळे समोरच्या माणसाला विचार करायला वावच उरला नाही. शिवाय मॅडमकडे ती इनडिझाइनची फाइल नसतेच, ती डिझायनरच्या मशीनवर असते, हे हिने ओळखून त्याच्यासाठी वेगळा परिच्छेद लिहिला. मॅडमनी वाचायचंही नाही, फक्त पुढे ढकलायचं. एवढा परस्पर व्यवहार शोभतो का? आणि तारखेचं तर विचारूच नका. फाइल उशिरा आली तर काम उशिरा, असं बाई सरळ लिहून मोकळ्या झाल्या. आपल्याकडे अशा वेळी 'बघते, प्रयत्न करते' म्हणायची रीत आहे.

मला सगळ्यात खटकला तो v3 चा प्रश्न. फाइलच्या नावातला आकडा कोण वाचतं?

शनिवारी दुपारी साडेबाराला तिला आयडीएमएल, एक्सेल आणि चित्र आलं. आयडीएमएलच्या नावात v5 होतं. सहावं प्रकरण, ड्रायर जोडण्याबद्दलचं, सबंध काढून टाकलेलं, कारण हे मॉडेल भारतात ड्रायरशिवाय विकायचं ठरलं होतं. strings.xml सोमवारी दुपारी आली, तशी हिची मुदत आपोआप गुरुवारवर गेली. रविवारी ती वसईला मावशीकडे जाऊन आली म्हणे.

मी रविवारी सहावं प्रकरण करत होतो. अकरा पानं. 'व्हेंटिंग होज'ला चांगला शब्द सापडायला दुपार गेली, पण सापडला. सोमवारी रात्री पावणेदहाला, मुदतीच्या बारा तास आधी, सगळं पाठवून दिलं आणि आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर व्हॉट्सॲपवर मॅडम.

"सर, तुम्ही v3 वर केलंय का? v5 शनिवारीच आली होती."

मी लिहिलं, "मला नाही आली."

"गुजरातीवाल्या मॅडमनी मागितली होती, म्हणून त्यांना पाठवली. तुम्ही काहीच मागितलं नाही ना, म्हणून वाटलं तुमच्याकडे असेल. थोडेच बदल आहेत सर. उद्या दहाला होईल ना?"

खाली आयडीएमएल जोडलेली होती. मी लिहिलं, 'नोटेड, विल डू.'